कडी अडकली नव्हती

४ जानेवारी, मंगळवार

माणसानं साठी ओलांडल्यावर रोजची वही लिहायला घ्यावी की नाही, यावर आज घरात चर्चा झाली. बायकोचं म्हणणं, आयुष्यभर बोलून दमला नाहीत, आता लिहूनही छळणार. पण दुसरं दुकान काढतोय तर त्याची हकिकत कुठेतरी राहावी असं मला वाटतं. पहिलं दुकान जिन्याखाली एका खोक्यावर सुरू झालं, त्याची एक ओळही माझ्याकडे नाही. एक कानस, एक चिमटा आणि चुलत्याचा शिव्यांचा साठा एवढ्या भांडवलावर मी किल्ल्या घासायला बसलो होतो. आज शहरातल्या निम्म्या तिजोऱ्या माझ्या हातून उघडल्यात. शाळा सातवी. बाकी सगळं कानानं शिकलो. कुलपाला कान लावला की ते स्वतःच सांगतं कुठे दुखतंय. माणसांचंही तेच.

नव्या दुकानाची जागा बाजाराच्या तोंडाशी आहे. मालक चिकट आहे, पण गोड बोलला की विरघळतो.

९ जानेवारी, रविवार

भाचीकडे जेवायला गेलो होतो. ठकू म्हणजे माझ्या गेलेल्या बहिणीची एकुलती एक. लहानपणी पत्ते खेळताना असं बेमालूम फसवायची की नाव ठकूच पडलं. आता स्वतःची मुलगी पहिलीत आहे. जावईबापू दवाखान्यांना यंत्रं विकतात. माणूस लोण्यासारखा मऊ. आवाज कधी वर जात नाही. तिला उठूही देईनात; पाणीसुद्धा स्वतः आणून दिलं, म्हणाले, "मामा, हिला जरा विश्रांती हवी."

ठकूचा घसा बसलेला. साधा बसलेला नव्हे. खालचे सूर नीट लागत होते आणि वरचे फाटत होते, जसा आतला चाप वाकलेल्या कुलपाचा आवाज येतो. गळ्याला गच्च रुमाल. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. जावईबापू हसले. म्हणाले, मामांचा सल्ला म्हणजे फी न घेणारा डॉक्टर.

येताना बायको म्हणाली, पोर अंगानं उतरलीय. मी म्हटलं, लहान मूल, घर, उतरणारच. त्या घरात भांडण असतं तर मला ऐकू आलं असतं. इतकं शांत घर मी पाहिलेलं नाही.

१९ जानेवारी, बुधवार

आजचा किस्सा लिहिण्यासारखा आहे.

दुपारी जावईबापूंचा फोन. ठकू न्हाणीघरात अडकली, आतली कडी सरकत नाही, मामा तुमच्याशिवाय कोण? गल्ल्यावर बायकोला बसवून पेटी घेऊन गेलो. वाटेत मनात म्हटलं, भाचीच्या न्हाणीघराचं उद्घाटन आपल्या हस्ते दिसतंय.

जावईबापू बोळात उभे होते, घामानं भिजलेले. मी दाराला कान लावला. ठकू आत अगदी दाराशीच होती, श्वास ऐकू येत होता. म्हटलं, घाबरू नकोस, मामा आलाय. ती म्हणाली, "नको, नको मामा." लाजली असणार, न्हाणीघर म्हटल्यावर बाईमाणूस लाजतंच. मी फटीतून पातळ पट्टी घातली, कडी अल्लद सरकवली. बोट मोडायच्या आत दार उघडं. जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या.

गंमत अशी की ठकू आंघोळीला गेलीच नव्हती. केस कोरडे, पूर्ण कपडे, पायात बूट, खांद्याला पर्स. मी म्हटलं, हे काय, बूट घालून आंघोळ? ती हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

कडी मी नंतर पाहिली. तिला काही झालेलं नव्हतं. गंज नाही, वाक नाही, लोण्यासारखी सरकत होती. पण पोरीची फजिती कशाला करायची, म्हणून बोललो नाही.

एवढ्यात दोन हवालदार दारात. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईनं पोलिसांना फोन केला होता, वरून आदळआपट ऐकू येते म्हणून. दोघांपैकी मोठा हवालदार माझ्या ओळखीचा. त्यांच्या ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा मीच गेलो होतो. मी सगळं हातात घेतलं. म्हटलं, साहेब, कडी अडकली, दार ठोठावलं, त्याचा आवाज. मी मामा, मीच दार उघडलं. चहा घ्या. हवालदारानं ठकूला विचारलं, काही तक्रार आहे का? विचारलं तेव्हा जावईबापू तिच्या शेजारी उभे होते आणि मीही. ती नाही म्हणाली. हवालदारानं दोन ओळी लिहिल्या, खाली माझी सही घेतली. जाताना तो म्हणाला, तुमच्यासारखा वडीलधारा घरात असला की आमचं काम हलकं होतं.

घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. बायको ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बूट का घातले होते?"

म्हटलं, बाहेर निघाली असेल.

"मग न्हाणीघरात का गेली?"

बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

३० जानेवारी, रविवार

दुकानाच्या पाटीवर रंगाऱ्यानं माझ्या मिश्या काढल्यात. मला मिश्या नाहीत. म्हणतो, कुलूपवाला म्हटला की मिश्या हव्यात, गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. राहू दिल्या.

ठकूला तीनदा फोन केला. दर वेळी जावईबापूंनीच घेतला. झोपलीय, बाहेर गेलीय, हात कामात आहेत. त्यांच्या मेहनतीचं कौतुक वाटतं. नोकरी सांभाळून बायकोचे फोनही सांभाळतात.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काय लिहू, कळत नाही.

मुलीला शाळेत सोडून ठकू दुकानात आली. मी किल्ली घासत होतो. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, तू घासत राहा, थांबलास तर मला बोलता येणार नाही. मी घासत राहिलो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून चालू आहे. आवाज होत नाही, कारण तो आधी रेडिओ लावतो आणि मारताना ओरडत नाही, हळू आवाजात कारणं सांगतो. तोंडावर मारत नाही. पगार त्याच्या हातात, फोन त्याच्या हातात. त्या दिवशी ती मुलीला शाळेतून घेऊन आमच्याकडेच यायला निघाली होती. त्यानं पाहिलं. ती न्हाणीघरात शिरली, आतून कडी लावली. खालच्या बाईला ऐकू जावं म्हणून तीच बादली आपटत होती. पोलीस येईपर्यंत तग धरायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

"मामा, मी आतून सांगत होते ना, उघडू नको. तुला ऐकू नाही गेलं?"

ऐकू गेलं होतं. त्याच रात्री वहीत लिहिलंही होतं.

किल्ली फुकट गेली. दात नको तिथे कापले गेले.

१२ फेब्रुवारी, शनिवार

पोलीस ठाण्यात गेलो. मला वाटलं, ओळख आहे, काम चुटकीसरशी. अंमलदारानं चहा मागवला. ठकू सांगायला लागली तसा तो लिहायचा थांबला. तारीख? जखम? दवाखान्याचा कागद? साक्षीदार? तिच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. दवाखान्यात एकदा गेली होती, तिथे तो सोबत होता, डॉक्टरनं 'जिन्यावरून पडल्याचे सांगते' असं लिहिलं. आधी का नाही आलात, विचारलं. ती म्हणाली, आले होते, दारापर्यंत. पण आत माझा नवरा साहेबांशी बोलत होता. दवाखान्याची यंत्रं विकतो, त्याची ओळख सगळीकडे.

मग अंमलदारानं संगणकात शोधलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. एकोणीस जानेवारी. 'कडी अडकल्याने दार ठोठावले. महिलेची तक्रार नाही. नातेवाईक मामा यांनी खात्री दिली. कॉल निरर्थक.'

"ही सही तुमचीच ना, मामा?"

शेवटी अदखलपात्र नोंद झाली. म्हणजे लिहून घेतलं, पुढे न्यायालयानं सांगितल्याशिवाय तपास नाही. माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, आम्ही उचलून आणतो, तर त्याच बाया दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येतात, सोडा म्हणतात. मग वरिष्ठ आम्हाला विचारतात. दोघांना समुपदेशनाला पाठवू का?

ठकू त्याच्यासोबत एका खोलीत बसायला नाही म्हणाली. अंमलदारानं 'समुपदेशनास नकार' हेही लिहिलं.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

ठकू आणि पोर आमच्याकडे आहेत. जावईबापू (हाताला सवय लागलीय) परगावी विक्रीच्या दौऱ्यावर आहेत.

आज संरक्षण अधिकारीबाईंकडे नेलं. अशा बायकांचे अर्ज न्यायालयापर्यंत नेणं हे त्यांचं काम. एवढ्या मुलुखाला त्या एकट्या. बालवाड्यांचा कारभारही त्यांच्याच गळ्यात. गाडी नाही, शिपाई नाही. टेबलाखाली फाइलींचे गठ्ठे, त्यावर पाय ठेवून बसतात. पण प्रश्न कसे विचारायचे ते त्यांना कळतं. मला बाहेर बसवलं. दार पातळ होतं. कान झाकून घेता आले असते, घेतले नाहीत.

त्यांनी विचारलं, मारण्याची धमकी देतो? शस्त्र आहे? तुम्ही निघालात तर काय करीन म्हणतो? मुलीला हात लावलाय? मग विचारलं, कधी गळा दाबलाय? आत खुर्ची सरकली. मग विचारलं, त्यानंतर आवाज बसला होता?

"हो. जानेवारीत. आठवडाभर."

बाई म्हणाल्या, गळा दाबल्याची खूण बाहेर बहुधा दिसत नाही. आवाज बसतो, गिळायला त्रास होतो, डोळ्यांत लाल ठिपके येतात. एकदा गळ्याला हात घातलेला माणूस पुढे जीव घेण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं होतं का?

ठकू म्हणाली, "मामाच्या. त्यानं गुळण्या सांगितल्या."

तिनं ते चेष्टेनं सांगितलं नाही, रागानंही नाही. नुसतं सांगितलं.

२३ फेब्रुवारी, बुधवार

आदेश मिळाला! सरकारी मदतीतून मिळालेली वकील, वयानं लहान, पण जिभेला धार. न्यायाधीशांनी शपथपत्र आणि अधिकारीबाईंचा अहवाल वाचून एकतर्फी अंतरिम आदेश दिला. म्हणजे समोरच्याला अजून ऐकलेलं नाही, पण धोका दिसतो म्हणून तोवर हे पाळा. त्यानं मारायचं नाही, संपर्क करायचा नाही, राहत्या घरात पाऊल टाकायचं नाही. ठकू आणि मुलगी त्या घरात राहतील. मोडला तर तो गुन्हा, अटक होऊ शकते. एक प्रत पोलिसांना. पुढची तारीख एकवीस मार्च.

संध्याकाळी मी स्वतः जाऊन दाराचं कुलूप बदललं. दुकानातलं सगळ्यात भारी. बायकोनं आदेशाची छायाप्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. बऱ्याच दिवसांनी ठकू पोटभर जेवली. मला म्हणाली, मामा, या कुलपाला कान लावून उघडता येईल का? म्हटलं, मला येईल. दुसऱ्या कुणाला नाही.

नवं दुकान पुढच्या महिन्यात उघडायचं म्हणतोय.

४ मार्च, शुक्रवार

तो आला. आरडाओरडा नाही. जिन्यात बसला, घंटा वाजवली, थांबला, परत वाजवली. ठकूनं पोलिसांना फोन केला आणि मग मला. मी पोचलो तेव्हा तेच दोन हवालदार वर आलेले होते. तो त्यांना दवाखान्यातल्या यंत्रांच्या गमती सांगत होता. एका हातानं माझ्या पाया पडला.

ठकूनं साखळी लावून फटीतून आदेश दाखवला. मोठ्या हवालदारानं ठाण्यात फोन लावला. प्रत आलीय, पण बजावणीचा शेरा नाही. त्याला आदेश हातात मिळाल्याची सही कुठेच नाही. न्यायालयाचा बेलीफ तो द्यायला दोनदा येऊन गेला होता. कुठे? याच पत्त्यावर. ज्या घरात त्यानं यायचं नाही, त्या घरी त्याला शोधत! तो दौऱ्यावर, मग भावाकडे. भावाचा पत्ता कुणीच अर्जात घातला नव्हता. वकील मला विचारत होती, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो, एकच पत्ता, दुसरा कुठला असणार?

मी म्हटलं, आता समोर आहे ना, वाचून दाखवा, झाली बजावणी. हवालदार म्हणाला, मामा, ते आमचं काम नाही, उद्या त्याचा वकील आमच्यावर उलटेल. भाडेकरार याच्या नावावर. याला कपडे तरी घेऊ द्या. ताई, दार उघडा, आम्ही आहोत.

तिनं उघडलं. मी बाजूलाच होतो. तो बॅग भरून निघताना तिच्याजवळ थांबला आणि प्रेमानं बोलल्यासारखं म्हणाला, "शाळा किती वाजता सुटते, माहितेय मला."

मी हवालदाराला म्हटलं, ऐकलंत? तो म्हणाला, बाप आहे, शाळेची वेळ माहीत असणारच. यात धमकी कुठली लिहू?

खरंच कुठली लिहिणार? लिहिली तर ती शाळेची वेळच दिसते.

२१ मार्च, सोमवार

तारीख. आज तो वकील घेऊन हजर. त्या वकिलानं पहिला कागद काढला तो एकोणीस जानेवारीचा. खालच्या बाईनं पोलिसांना उगाच बोलावलं, हिच्या स्वतःच्या मामानं सांगितलं की काही नाही. मग त्याच मामाचं आजचं शपथपत्र: मारहाणीमुळे ती लपली होती.

न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं. मी आयुष्यात कुणाहीसमोर गप्प बसलेलो नाही.

"तुम्ही कडी पाहिली होती?"

"हो."

"अडकली होती?"

"नाही."

"मग पोलिसांना अडकली असं का सांगितलंत?"

मी म्हटलं, पोरीची फजिती नको म्हणून. दालनात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे घरच्या अब्रूसाठी तुम्ही तेव्हा पोलिसांना खोटं सांगितलंत. आता घरच्यांसाठी न्यायालयाला खरं सांगताय, असं मी कशावरून धरू?

मी परत जाऊन बाकावर बसलो.

आदेशातलं 'मारायचं नाही' कायम. पण घरात यायची मनाई उठवली: पुरावा अपुरा, घर त्याच्याही हक्काचं, दोघांना वेगळ्या खोल्या. मुलीला दर रविवारी भेटायची मुभा. समुपदेशन. पुढची तारीख जूनमध्ये. आमच्या वकिलीणबाई म्हणाल्या, वर दाद मागू, वेळ लागेल. ठकूनं विचारलं, "वेगळ्या खोलीला कडी कोण लावणार?" ती तिथून सरळ आमच्याकडे आली.

२३ मार्च, बुधवार

ठाण्यात जाऊन म्हटलं, माझा तो जबाब चुकीचा होता, दुरुस्त करा. अंमलदार म्हणाला, जबाब दुरुस्त होत नाही. नवा देता येतो, जुनाही राहतो. आणि मामा, पोलिसांना खोटी माहिती दिली असं लेखी देताय, ते तुमच्याच अंगावर येईल. म्हटलं, येऊ द्या. त्यानं आवक शिक्का मारून पोच दिली. पुढे काय होईल, विचारलं. म्हणाला, फाइलला लागेल.

२७ मार्च, रविवार

दुकान उघडलं. गर्दी होती. मिश्यांवर सगळे हसले.

३ एप्रिल, रविवार

न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे पोर सकाळी बापाकडे गेली. संध्याकाळी सोडायची होती. सोडली नाही. फोन बंद.

४ एप्रिल, सोमवार

ठाण्यात गेलो. बापानं मूल नेलं तर अपहरण कसं, ताब्याचा आदेश आहे का? नाही. भेटीची वेळ पाळली नाही, ते न्यायालयाला सांगा. न्यायालयात अर्ज दिला, आठवड्यानंतर घेऊ म्हणाले. तेवढ्यात त्यानं आमच्यावरच तक्रार दिली होती: मामा-मामी बायकोला फितवून डांबून ठेवतात, बायको मुलीला मारते. त्यावर आम्हा दोघांचे जबाब घेतले. अंमलदारानं यावेळीही चहा मागवला.

अधिकारीबाई आमच्याबरोबर दिवसभर हिंडल्या, रिक्षाला पदरचे घालून. निघताना म्हणाल्या, मामा, मला रोज हेच दिसतं. एकेक कागद बरोबर असतो. बाई मात्र एकेका कागदाच्या मधल्या फटीत पडते.

७ एप्रिल, गुरुवार

त्यानं ठकूला पोरीचा आवाज ऐकवला. पोर रडत नव्हती, अगदी शहाण्यासारखी बोलत होती. ठकू म्हणाली, हे वाईट आहे. ती रडत असती तर बरं होतं. ती शिकलीय.

११ एप्रिल, सोमवार

ठकू परत गेली.

मी खूप बोललो. अधिकारीबाईही आल्या, आसऱ्याच्या घरात जागा मिळते म्हणाल्या, पण मुलगी ताब्यात नसताना तिथे एकटीनं जाऊन काय करू, या ठकूच्या प्रश्नावर त्यांच्याकडे इलाज नव्हता. मी म्हटलं, कळतंय का तुला, गळा, जीव. ठकू म्हणाली, "मला सगळ्यात जास्त कळतंय मामा. म्हणूनच. तिला त्याच्यापाशी एकटी ठेवून मी तुझ्या घरी सुरक्षित राहू?"

बायको म्हणाली, अहो, तिला अडवू नका, तिची बॅग भरू लागा. आणि स्वतः भरू लागली.

ठाण्यात तिनं लिहून दिलं: गैरसमजातून तक्रार, आता काही म्हणणं नाही. न्यायालयातला अर्जही मागे. अंमलदार मला बघून हळूच म्हणाला, म्हटलं नव्हतं? मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण त्याच्या टेबलावरून बघितलं तर तो बरोबरच होता. त्याला फक्त डबा घेऊन येणारी बाई दिसते. डबा कुणी बांधून घेतला, ते दिसायची सोय त्या टेबलावर नाही.

जावयानं आमच्या दोघांच्या पाया पडून तिला गाडीत बसवलं.

१५ मे, रविवार

बाजारात गेलो होतो, तिथून ठकूच्या खालच्या शिलाईवाल्या बाईकडे गेलो. कारण म्हणून एक शर्ट नेला, बाही उसवलेली. म्हटलं, ताई, वर काही ऐकू आलं तर पोलिसांना फोन कराल ना? निदान मला तरी?

बाईनं मशीन थांबवलं नाही. म्हणाल्या, मागं केला होता. पोलिसांनी खोटा कॉल म्हणून मला समज दिली. घरमालकानं बोलावून सांगितलं, भाडेकऱ्यांच्या घरात नाक खुपसायचं तर दुसरी खोली बघा. तेव्हापासून जिन्यात भेटला की तो मला हसून नमस्कार करतो.

मी म्हटलं, पण तुम्ही खरं ऐकलं होतंत.

"तुम्हीच तर म्हणालात कडी अडकली होती."

मग म्हणाल्या, आता तो रेडिओ लावतो तेव्हा मी माझं मशीन चालू करते. काय करू? बाही बुधवारी मिळेल.

५ जून, रविवार

अधिकारीबाईंनी बजावलंय, काही झालं तरी तिच्याशी संबंध तोडू नका, त्याच्याशी भांडू नका. घरचे सगळे तुटले की बाई त्याच्या हातात पूर्ण सापडते. परत निघायची वेळ आलीच तर तिला एक नंबर पाठ असला पाहिजे आणि तो उचलला गेला पाहिजे. म्हणून दर रविवारी जेवणानंतर मी फोन करतो.

तो उचलतो. "या मामा," म्हणतो, मग खट् होतं आणि आवाज घमेल्यात पडल्यासारखा होतो. म्हणजे फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी सुरू होतो. आज दुकानाचं सांगितलं. एक गिऱ्हाईक तिजोरीत तिजोरीचीच किल्ली ठेवून आला, आणि वर मला म्हणतो, सुरक्षित राहावी म्हणून ठेवली. जावईबापू खदखदून हसले. मी 'जावईबापू' म्हणतो, त्यांच्या तब्येतीची चौकशी करतो, विक्री कशी चाललीय विचारतो. मला जन्मभर जमलेलं हे एकच काम, माणसं खूश ठेवणं, ते मी मन लावून करतो.

पोरीनं कविता म्हणून दाखवली. ठकू म्हणाली, हो मामा. बरी आहे मामा. मामीला सांग. एका वाक्यानंतर तिनं श्वास घेतला, बोलायला घेतो तसा, आणि सोडून दिला. मी थांबलो. जावईबापू म्हणाले, "अजून काही, मामा?"

म्हटलं, नाही, नाही. पुढच्या रविवारी बोलू.

बायको समोर बसली होती, हात मांडीवर. मी फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "कशी आहे?"

"बोलली," मी म्हटलं.